मे महिन्यातला नर आणि जुलैतल्या रिकाम्या माद्या
छोट्या वराहपालनात नैसर्गिक जोडा की कृत्रिम रेतन?

पावसाळा सुरू होऊन तीन-चार आठवडे झालेले असतात, हवा थंडावलेली असते, आणि नेमक्या याच वेळी वराहपालकाच्या लक्षात येते की जूनमध्ये भरवलेल्या माद्या पुन्हा माजावर आल्या आहेत. म्हणजे त्या उलटल्या आहेत. नराने जोडा व्यवस्थित दिला होता, मादी शांत उभी राहिली होती, कुठेही काही चुकलेले दिसले नव्हते. मग दोष मादीवर जातो. कुणी ती विकून टाकतो, कुणी तिला औषध देतो. बऱ्याचदा खरे कारण मात्र शेजारच्या कप्प्यात उभे असते. नराचे वीर्य मे महिन्याच्या उन्हात खराब झालेले असते आणि त्याचा परिणाम जून-जुलैत दिसतो.

बुलडाणा जिल्ह्यात ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन भाग पडतात. घाटावर बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, मोताळा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद. घाटाखालच्या पट्ट्यात मे महिन्यात दुपारचा पारा ४२-४४ अंशांपर्यंत जाणे नवे नाही. घाटावर तो थोडा खाली असतो, पण डुकराच्या सोयीपेक्षा खूपच वर असतो. दहा माद्यांचे छोटे युनिट चालवणाऱ्याने नर पाळावा की कृत्रिम रेतनाकडे वळावे, या प्रश्नाचे उत्तर इथे आधी उन्हात शोधावे लागते.

नराला ऊन का बाधते

डुकराला घाम जवळजवळ येत नाही. बैलाचे किंवा बोकडाचे अंडकोष शरीरापासून खाली लोंबतात आणि हवेने थंड राहतात. डुकराचे अंडकोष मात्र शेपटीखाली शरीराला चिकटून असतात. शुक्राणू नीट तयार होण्यासाठी अंडकोषांचे तापमान शरीरापेक्षा दोन-तीन अंशांनी कमी लागते. बाहेरचे तापमान तिशीच्या पुढे गेले आणि रात्रीही उतरले नाही, तर हा फरक टिकत नाही. ३४-३५ अंशांची सलग काही दिवसांची उष्णताही वीर्य बिघडवायला पुरते. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी याहून कितीतरी जास्त उष्णता असते.

खरी अडचण या बिघाडाच्या वेळापत्रकात आहे. नराच्या अंडकोषात एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे पाच आठवडे लागतात. त्यानंतर तो अंडकोषाला लागून असलेल्या गुंडाळलेल्या नलिकेतून पुढे सरकत पक्व होतो. त्याला आणखी दहा-बारा दिवस लागतात. उष्णतेचा सर्वाधिक फटका घडणीत असलेल्या शुक्राणूंना बसतो. आधीच पक्व झालेला साठा काही दिवस पुरतो, म्हणून उन्हाच्या लाटेत दिलेले जोडे लागूही पडतात. बिघाड दोन आठवड्यांनी दिसू लागतो आणि ऊन उतरल्यानंतर सहा-सात आठवडे रेंगाळतो.

एक उदाहरण तारखांनिशी पाहू. धरून चालू की १० ते २० मे या काळात घाटाखालच्या एका गावात कडक लाट आली. त्या नराचे वीर्य साधारण २४ मेपासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भरवशाचे राहणार नाही. एक मादी ५ जूनला माजावर आली आणि तिला जोडा दिला. गर्भ राहिला नाही. डुकरिणीचे माजाचे चक्र २१ दिवसांचे असते, म्हणून ती २६ जूनला पुन्हा माजावर आली. तोवर पाऊस पडला होता, पण वीर्य सुधारले नव्हते. हाही जोडा वाया गेला. १७ जुलैचा जोडा मात्र लागला. गर्भकाळ ११४ दिवसांचा, त्यामुळे ही मादी ८ नोव्हेंबरला व्याली. पहिला जोडा लागला असता तर ती २७ सप्टेंबरलाच व्याली असती.

म्हणजे ४२ दिवस गेले. रिकामी मादी रोज अडीच किलो खाद्य खाते असे धरले तर १०५ किलो खाद्य झाले. किलोला ३० रुपये धरले तर तीन हजारांहून जास्त खर्च एका मादीवर झाला, आणि हाती काही आले नाही. वर्षाला दोन वेत घ्यायचे तर एका वेताचा फेरा सहा महिन्यांचा असतो. त्यातला जवळपास चौथा हिस्सा असा गेला. आठ पिल्लांच्या वेताच्या हिशेबाने हे दोन पिल्ले गमावण्यासारखे आहे.

कधीकधी बिघाड अर्धवट असतो. काही शुक्राणू चांगले असतात, त्यामुळे काही बीजे फळतात. पण डुकरिणीच्या गर्भाशयात सुरुवातीच्या दिवसांत साधारण चार तरी गर्भ असले, तरच तिचे शरीर गर्भ टिकवते. त्याहून कमी असतील तर ते जिरतात आणि ती पुन्हा माजावर येते. चार-पाच असले तर ती गाभण राहते, पण वेतात तेवढीच पिल्ले निघतात. म्हणून ऑक्टोबरमधले तुटपुंजे वेतही जूनच्या जोड्याची तारीख काढून तपासावे.

दोष कुणाचा, हे वहीतून कळते

नर बिघडला आहे हे त्याच्याकडे पाहून कळत नाही. तो खातो, फेस काढतो, उत्साहाने चढतो. त्याची इच्छा शाबूत असते, वीर्य बिघडलेले असते. हीच गोष्ट तापानंतरही होते. दोन-तीन दिवस अंगात ताप राहिलेला नरही पुढचे सहा-सात आठवडे संशयित समजावा.

ओळख पटवायला वही लागते. मादीचा कानातला क्रमांक, जोड्याची तारीख आणि वेळ, कोणता नर आणि पुन्हा माज दिसला का, एवढ्या चार नोंदी पुरतात. एकाच नराने एकाच पंधरवड्यात भरवलेल्या तीनपैकी दोन-तीन माद्या उलटल्या, तर दोष नराचा किंवा जोड्याच्या वेळेचा. बाकीच्या गाभण राहिल्या आणि एकच उलटली, तर मादीकडे पाहावे. मादी १८ ते २४ दिवसांनी उलटली तर गर्भ राहिलाच नव्हता असे समजावे. ती २५ ते ३८ दिवसांच्या मध्येच कधीतरी उलटली, तर गर्भ राहून नंतर जिरला. त्यामागे मादीला लागलेले ऊन, कळपातली मारामारी किंवा आजार असू शकतो.

मादी उशिरा गाभडली, नराचा एक अंडकोष सुजला, किंवा तो मागच्या पायाने लंगडू लागला, तर प्रश्न उन्हाचा राहत नाही. ही ब्रुसेला जंतूच्या संसर्गाची लक्षणे असू शकतात. नराचे रक्त तपासेपर्यंत त्याला एकाही मादीवर सोडू नये. हा आजार माणसालाही होतो आणि महिनोन्महिने ताप, घाम, सांधेदुखी मागे लावतो. म्हणून गाभडलेले पिल्लू आणि जार उघड्या हाताने उचलू नये. ते खोल पुरावे.

नराचा कप्पा थंड ठेवणे

बुलडाण्याच्या उन्हाळ्याची एक जमेची बाजू आहे. हवा कोरडी असते, आणि कोरड्या हवेत पाणी उडताना चांगला गारवा देते. पत्र्यावर पऱ्हाट्या किंवा गवताचा जाड थर टाकून तो सकाळ-दुपार भिजवला, तर आतले तापमान बरेच उतरते. पत्र्याला वरून चुना मारावा. नराच्या अंगावर दुपारी ११ ते ५ या वेळात थोड्या थोड्या वेळाने पाणी शिंपडावे आणि मध्ये पंखा लावावा. पाणी अंगावर सतत ओतत राहण्यापेक्षा ते उडायला वेळ देणे जास्त उपयोगी आहे. वऱ्हाडात घरोघरी असतो तो वाळ्याचा किंवा लाकडी भुशाच्या जाळ्यांचा कूलर नराच्या कप्प्यालाही चालतो. जूनमध्ये हवा दमट झाली की मात्र त्याचा गारवा कमी होतो. तेव्हा पंखा आणि मोकळा वारा जास्त कामाचा.

पाणी सावलीतल्या टाकीतून द्यावे. उन्हात तापलेल्या नळीचे पाणी डुक्कर पीत नाही. खाद्य पहाटे आणि रात्री द्यावे. प्रौढ नराला रोज दोन ते अडीच किलो खाद्य पुरते. मका आणि सोयाबीन पेंड इथे सहज मिळते, म्हणून नराला जास्त खाऊ घालण्याचा मोह होतो. पण लठ्ठ नर उन्हाने लवकर दमतो आणि त्याचे पायही लवकर बिघडतात. जोडा पहाटे, ऊन चढण्याआधी आणि खाद्य देण्यापूर्वी द्यावा.

एवढे केले तरी ४३ अंशांत नर पूर्ण सुरक्षित राहतो असे नाही. नुकसान कमी होते, संपत नाही.

नैसर्गिक जोडा नीट द्यायचा तर

नर सहा-सात महिन्यांत वयात येतो, पण त्याला आठ महिन्यांआधी वापरू नये. सुरुवातीला आठवड्यातून एक-दोन जोडे पुरेत. वर्षाच्या पुढचा नर आठवड्याला चार-पाच जोडे देऊ शकतो, तेही मध्ये विश्रांतीचे दिवस ठेवून. त्याचा पहिला जोडा त्याच्याच अंगाच्या, शांत आणि आधी व्यालेल्या मादीशी लावावा. पहिल्याच वेळी चावा खाल्लेला किंवा ढकललेला नर पुढे कच खातो.

नेहमी मादीला नराच्या कप्प्यात न्यावे. उलट केले तर नर नवी जागा हुंगत बसतो. जमीन कोरडी आणि न घसरणारी हवी. सिमेंटवर वाळू किंवा सोयाबीनचे कुटार पसरले तरी चालते. जोडा पाच ते दहा मिनिटे, कधी त्याहून जास्त चालतो. डुकराचे वीर्य एका वेळी १५० ते ३०० मिलिलिटर, म्हणजे पेलाभर असते. ते उतरायला वेळ लागतो. इंद्रिय योग्य जागी गेले की नाही हे माणसाने पाहायलाच हवे, कारण ते गुदद्वारात गेले तर जोडा वाया जातो. नर स्थिर होऊन त्याच्या शेपटीखालचे स्नायू तालात आकुंचू लागले, तर वीर्य उतरत आहे असे समजावे. तेव्हा त्याला हाकलू नये.

नराला हलवताना हातात आडवी फळी असावी आणि आपल्या मागे बाहेर पडायची वाट मोकळी असावी. रोज हाताने खाणारा नरही माजावरच्या मादीजवळ अचानक वळतो, आणि त्याचे सुळे मांडी फाडू शकतात.

नैसर्गिक जोड्याच्या तीन मर्यादा छोट्या युनिटला जाणवतात. पहिली वजनाची. दोनशे किलोचा नर शंभर किलोच्या नव्या मादीवर चढला तर तिचा पाय किंवा कंबर जाऊ शकते. दुसरी नात्याची. नर वापरायला लागल्यापासून चार महिन्यांत त्याची पिल्ले जन्मतात आणि ती आणखी आठ महिन्यांत भरवण्याजोगी होतात. म्हणजे वर्षभरात त्याच्या स्वतःच्या लेकी त्याच्यासमोर माजावर येतात. त्या तिथेच ठेवायच्या असतील तर नर बदलावा लागतो, नर ठेवायचा असेल तर लेकी विकाव्या लागतात. तिसरी मर्यादा रोगाची. शेजाऱ्याचा नर उसना आणणे स्वस्त वाटते, पण त्याच्याबरोबर त्या कळपाचा आजारही येतो. बाहेरून आणलेला नर महिनाभर वेगळा ठेवून, रक्त तपासून आणि स्वाइन फीव्हरची लस देऊनच कळपात घ्यावा.

बाटलीतले रेतन

गाईच्या कृत्रिम रेतनाची सवय असलेल्या माणसाला डुकराचे रेतन वेगळे वाटते. गाईची कांडी द्रव नायट्रोजनच्या भांड्यात वर्षानुवर्षे टिकते. डुकराचे शुक्राणू गोठवण्याचा धक्का फार वाईट सोसतात, त्यामुळे बहुतेक ठिकाणी ताजे, द्रव वीर्यच वापरतात. नराला लाकडी घोडीवर चढवून हातमोज्याने वीर्य घेतात, गाळून त्यातला साबुदाण्यासारखा चिकट भाग वेगळा करतात, सूक्ष्मदर्शकाखाली हालचाल पाहतात आणि पोषक द्रावण मिसळून ८० ते १०० मिलिलिटरच्या बाटल्या भरतात. एका बाटलीत साधारण ३०० कोटी शुक्राणू असतात. नराने एकदा दिलेल्या वीर्यातून अशा दहा-पंधरा बाटल्या निघू शकतात. नैसर्गिक जोड्यात तेच वीर्य एका मादीवर संपते.

या बाटलीची सगळी नाजूक बाजू तापमानाची आहे. ती १५ ते १८ अंशांतच ठेवावी लागते. घरच्या फ्रिजमध्ये, चार-पाच अंशांत ठेवली तर शुक्राणूंना थंडीचा झटका बसतो आणि ते मरतात. बाहेर ३५ अंशांत ठेवली तर ते काही तासांत थकतात. साध्या द्रावणात बाटली तीन दिवस टिकते, जास्त टिकणाऱ्या द्रावणात पाच ते सात दिवस. ती दिवसातून दोनदा हळुवार उलटी-सुलटी करावी, म्हणजे तळाशी बसलेले शुक्राणू पुन्हा मिसळतात. थर्मोकोलच्या पेटीत बर्फाचे पाकीट ठेवायचे असेल तर ते जाड कापडात गुंडाळावे, बाटलीला टेकू देऊ नये, आणि पेटीत तापमापक असावा. तापमापक नसेल तर पेटीत काय चालले आहे हे आपल्याला ठाऊक नाही असेच समजावे.

दुसरी नाजूक बाजू वेळेची. डुकरिणीचा माज दोन-अडीच दिवस टिकतो, नव्या मादीचा त्याहून कमी. बीजे माजाच्या सुरुवातीला सुटत नाहीत, सुमारे दोन-तृतीयांश माज उलटल्यावर सुटतात. सुटलेले बीज आठ-दहा तासच टिकते. नैसर्गिक जोड्यात नर सकाळ-संध्याकाळ सोबत असतो, म्हणून वेळेची थोडी चूक झाकली जाते. बाटली ती झाकत नाही. म्हणून माज सकाळ-संध्याकाळ तपासायचा. मादी पहिल्यांदा स्थिर उभी राहिली त्या वेळेपासून साधारण १२ ते २४ तासांनी पहिली बाटली द्यायची आणि त्यानंतर १२ तासांनी दुसरी. नव्या मादीला १२ तासांच्या जवळच द्यावी.

स्थिर उभी राहणे ही माजाची पक्की खूण आहे. योनी लाल होते, सुजते, मादी खाणे सोडते, दुसरीवर चढते. हे सगळे आधीच सुरू होते. पाठीवर दोन्ही हातांनी दाब दिल्यावर ती खांबासारखी थिजली, कान ताठ झाले, तरच माज भरात आला. आणि इथे नराची गरज पुन्हा उभी राहते. नराच्या लाळेच्या फेसात एक गंधद्रव्य असते. त्या वासाने आणि नराच्या हुंकाराने माजावरची मादी थिजते. फ्रान्समध्ये सिन्योरे या संशोधकाने साठच्या दशकाच्या सुरुवातीला दाखवले की, नर आसपास नसताना माणसाने पाठ दाबली तर माजावरच्या बऱ्याच माद्या प्रतिसाद देत नाहीत. नराचा वास आणि आवाज मिळाला की दहातल्या नऊ थिजतात. समोर नर दिसला तर जवळजवळ सगळ्याच. म्हणून रेतन बाटलीने करायचे ठरवले तरी गोठ्यात नर लागतोच. तो बुटका, स्वस्त किंवा नसबंदी केलेला असला तरी चालतो.

प्रत्यक्ष रेतन अवघड नाही, पण घाई चालत नाही. नर जाळीपलीकडे मादीच्या नाकासमोर उभा करायचा. योनी कोरड्या स्वच्छ कागदाने पुसायची. नळीच्या टोकाला वंगण लावून ती आधी वरच्या दिशेला तिरकी आत घालायची, नाहीतर ती लघवीच्या वाटेला जाते. मग सरळ करून गर्भाशयमुखापर्यंत न्यायची. फिरकीच्या टोकाची नळी असेल तर डावीकडे फिरवली की अडकते. हलके ओढल्यावर ती निघत नाही, ही खूण. बाटली जोडून वर धरायची आणि पाठीवर वजन ठेवायचे. वीर्य मादीनेच ओढून घ्यायला हवे. बाटली दाबली तर ते मागच्या मागे सांडते. पाच ते दहा मिनिटे लागतात. सगळे नीट झाले तर बाटलीचा निकाल चांगल्या नैसर्गिक जोड्याच्या बरोबरीचा येतो. माज ओळखण्यात चूक झाली तर तो त्याच्या खूप खाली जातो.

दहा माद्यांचा हिशेब

आता दहा माद्यांचे युनिट धरू. प्रत्येकीचे वर्षाला दोन वेत, म्हणजे वीस वेळा गर्भ राहायला हवा. प्रत्येक माजात दोन जोडे आणि थोडे उलटणे धरले तर वर्षाला पन्नासच्या आसपास जोडे होतात, आठवड्याला सरासरी एक. एका नराला हे काम हलके आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानातील वराहपैदास प्रकल्पांतही १०० माद्यांमागे १० नर असेच प्रमाण धरले आहे. अडीच किलोप्रमाणे नराला वर्षाला सुमारे ९०० किलो खाद्य लागते. ३० रुपये किलोने २७ हजार रुपये, वीस वेतांत वाटले तर प्रत्येक वेतामागे साडेतेराशे रुपये. बाटलीने रेतन करूनही माज ओळखायला नर ठेवावा लागत असेल, तर यातला बराचसा खर्च वाचतच नाही.

पण सरासरी फसवते. चार माद्यांची पिल्ले एकाच दिवशी तोडली, तर त्या चारही चार ते सात दिवसांत एकदम माजावर येतात आणि तीन दिवसांत आठ जोडे मागतात. एकटा नर त्यातल्या शेवटच्या माद्यांना पातळ वीर्य देतो. म्हणून नर वापरायचा असेल तर पिल्ले दोन-दोन माद्यांची, आठवड्याच्या अंतराने तोडावी. बाटली वापरायची असेल तर हिशेब उलटा. माद्या एकत्र माजावर आल्या तरच एका पेटीत सगळ्यांच्या बाटल्या मागवता येतात.

बाटली येणार कुठून, हा पुढचा प्रश्न. डुकरांच्या कृत्रिम रेतनावर देशात मुख्य काम गुवाहाटीजवळ राणी येथील राष्ट्रीय वराह संशोधन केंद्राने केले आहे. आपल्या बाजूला जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेनेही ते केले आहे. दोन्ही ठिकाणे घाटाखालच्या गोठ्यापासून दूर आहेत, आणि तीन दिवसांच्या बाटलीचा एक दिवस तरी प्रवासात जातो. रोज लागेल तेव्हा बाटली मिळेल, अशी व्यवस्था गृहीत धरून युनिट उभारणे धोक्याचे आहे.

म्हणून दहा माद्यांच्या युनिटने नर ठेवावा. पण वर्षातले सहा आठवडे, मेच्या शेवटापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत, त्याच्यावर एकट्यावर विसंबू नये. वर्षाला वीस माज धरले तर या सहा आठवड्यांत दोन किंवा तीनच माद्या येतात. त्यांच्यासाठी चार ते सहा बाटल्या लागतात. एवढ्यासाठी पेटी मागवणे परवडते, पण त्या माद्या एकाच आठवड्यात माजावर यायला हव्यात, आणि त्याची तयारी जानेवारीत करावी लागते. ३ जानेवारीच्या आसपास भरवलेल्या माद्या २७ एप्रिलला विततात. ४५ दिवसांनी, ११ जूनला पिल्ले तोडली की १५ ते १८ जूनला त्या माजावर येतात. पिल्ले तोडण्याची तारीख ठरली की बाटल्यांची मागणी नोंदवावी आणि जास्त दिवस टिकणाऱ्या द्रावणातल्याच मागवाव्यात. ज्या नराचे वीर्य आहे त्याच्या रोगतपासणीचा दाखला मागावा, कारण वीर्यातूनही रोग येतो. आपल्या नराला त्या दिवसांत जाळीपलीकडे उभे करावे.

बाटल्या मिळाल्याच नाहीत, तर निदान आपल्या नराचे वीर्य मेच्या शेवटी आणि जूनच्या मध्यावर एकदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घ्यावे. अकोल्याच्या पशुवैद्यकीय पदव्युत्तर संस्थेत किंवा जवळच्या पशुवैद्यकाकडे आधी विचारणा करून वेळ ठरवावी, कारण ताजे वीर्य फार वेळ थांबत नाही. शंभरातले सत्तरहून अधिक शुक्राणू जोमाने पुढे सरकत असतील तर नर चालू ठेवावा. पन्नासच्या खाली असतील तर त्याला सुट्टी द्यावी, तपासलेला दुसरा नर मिळतो का पाहावे, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तपासावे. ज्या मादीला तरीही त्याच नराचा जोडा दिला, तिच्या नावापुढे वहीत २१ दिवसांनंतरची तारीख लाल शाईने लिहून ठेवावी आणि त्या दिवशी पहाटे तिची पाठ दाबून पाहावी.